श्वासातला वायू आणि रक्तातली पेशी

भिलाईतील कोहका या वस्तीत, नोव्हेंबरच्या अखेरीस आसपासची धानकापणी उरकत आलेली असते, त्या दिवसांत रात्री दोनच्या सुमारास एखादा माणूस उशीला टेकून उठून बसलेला दिसावा, यात नवल नाही. असा एक माणूस येथे उदाहरणादाखल कल्पिला आहे. वय छत्तीस. वडील पोलाद कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने गोंदियाकडून भिलाईस आले आणि येथेच राहिले. मुलगा वेल्डिंगच्या दुकानात काम करतो. त्याने विडी-सिगारेट कधी ओढलेली नाही. तीन हिवाळे झाले, पहाटेपूर्वी खोकला येतो, छातीत शिट्टी वाजते, खिडकीपाशी जाऊन बसावे लागते, आणि सकाळी नऊ वाजता तो दुकानाचे शटर उघडतो तेव्हा जणू रात्री काही घडलेच नव्हते.

हा माणूस दुपारी अकरा वाजता डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर छातीला नळी लावतात, तर छाती स्वच्छ. फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करतात, तर तीही ठीक. येथेच दम्याच्या निदानातील मुख्य अडचण आहे. दमा हा येणारा-जाणारा रोग आहे. श्वासनलिका आकुंचन पावते व पुन्हा मोकळी होते, आणि तपासणी नेमकी मोकळ्या वेळी झाली तर निरोगी माणसाचाच निष्कर्ष निघतो. याच्या उलटही होते. ज्याला दमा नाही अशाला खोकला आणि दम लागतो एवढ्यावरून दमेकरी ठरवून वर्षानुवर्षे पंप दिला जातो. या दोन्ही चुका जगभर होतात.

म्हणून गेल्या काही दशकांत वैद्यांनी प्रश्नच थोडा बदलून घेतला आहे. नळी या क्षणी आकसलेली आहे का, एवढेच न विचारता, नळीच्या अस्तराला विशिष्ट प्रकारची सूज आहे का, असे ते विचारतात. नळीचा आकस दुपारी नाहीसा होईल, पण अस्तराची सूज तासाभरात जात नाही. तिच्या खुणा दोन ठिकाणी मोजता येतात. एक खूण रक्तात असते, दुसरी उच्छ्वासात.

या विचाराचा उगम इंग्लंडातील डर्बी या गावी, एका साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडतो. १९५६ साली ब्रिटनमधील एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत असे दिसले होते की जुनाट दम्यात कॉर्टिसोनचा टिकाऊ असा फारसा लाभ होत नाही. डर्बीचे छातीचे डॉक्टर हॅरी मॉरो ब्राऊन यांना मात्र आपल्या रुग्णांत काही जण स्टिरॉइडने अक्षरशः उभे राहिलेले दिसत होते आणि काहींवर त्याच औषधाचा काहीच परिणाम होत नव्हता. त्यांनी रुग्णांचा कफ काचेवर पसरून पाहिला. ज्यांच्या कफात इओसिनोफिल नावाच्या पेशी होत्या ते प्रेडनिसोलोनने सुधारले, ज्यांच्या कफात त्या नव्हत्या ते सुधारले नाहीत. हे त्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केले. पुढे १९७२ मध्ये श्वासावाटे घ्यावयाच्या स्टिरॉइडचा उपयोग प्रथम दाखविणाऱ्यांतही तेच होते. मोठ्या चाचणीत जे औषध निरुपयोगी ठरले, ते वस्तुतः निवडक रुग्णांत गुणकारी होते. चाचणीत सर्वांची सरासरी काढली गेल्याने गुण झाकला गेला. ही घटना ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पन्नास वर्षांनी ती जशीच्या तशी पुन्हा घडावयाची होती.

इओसिनोफिल ही पांढऱ्या रक्तपेशींची एक जात. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८७९ साली रक्तावर निरनिराळे रंग चढवून पाहिले, तेव्हा काही पेशींतील कण इओसिन हा लाल रंग अधाशासारखा शोषून घेताना दिसले. त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडे घरोघर ‘इस्नोफिलिया झालाय’ असे म्हणतात, ते याच पेशी वाढल्याबद्दल. या पेशींचे मूळ काम मोठ्या परजीवींशी, विशेषतः जंतांशी, झुंजण्याचे असावे. ॲलर्जीच्या दम्यात त्या शत्रू नसलेल्या धुळीच्या किंवा परागाच्या हाकेला धावून जातात आणि श्वासनलिकेच्या अस्तराचीच नासधूस करतात.

त्यांना हाक घालणारे निरोपे दोन आहेत, आणि यातच या विषयाचे मर्म आहे. पहिला निरोप हाडांच्या मगजाकडे जातो की अधिक इओसिनोफिल तयार करून रक्तात सोडा. या निरोप्याचे नाव इंटरल्यूकिन-५. दुसरा निरोप श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींना मिळतो. त्याचे नाव इंटरल्यूकिन-१३. तो मिळाला की अस्तरातील पेशी एक विकर तयार करतात आणि त्या विकरामुळे नायट्रिक ऑक्साइड हा वायू अधिक प्रमाणात निर्माण होऊन उच्छ्वासात मिसळतो. (शस्त्रक्रियेच्या वेळी हुंगविला जाणारा तथाकथित हसरा वायू तो नव्हे, नावात साम्य आहे इतकेच.) भिलाईच्या श्रोत्यांना हे समजण्यास कारखान्याकडे पाहणे पुरे. धुराड्यातून धूर निघतो आहे यावरून भट्टी या घटकेला पेटली आहे हे कळते. यार्डात कोळशाच्या किती वाघिणी उभ्या आहेत हे मोजले तर भट्टीला पुरवठा किती आहे हे कळते. उच्छ्वासातला वायू हा धूर, रक्तातले इओसिनोफिल ह्या वाघिणी. बहुधा दोन्ही बरोबर वाढतात, पण नेहमीच नाही.

रक्ताची तपासणी सोपी आहे. नेहमीच्या सीबीसी तपासणीतच ती होते आणि लहान गावातही होऊ शकते. तिच्यात एकच गफलत वारंवार होते. छापील कागदावर इओसिनोफिलचे शेकडा प्रमाण ठळक दिसते आणि रुग्णही, क्वचित डॉक्टरही, तेवढेच वाचतात. वाचावयाचा असतो तो निव्वळ आकडा, म्हणजे एक घनमिलिमीटर रक्तात या पेशी किती. एकूण पांढऱ्या पेशी ११,००० असतील व शेकडा ४ इओसिनोफिल असतील तर आकडा ४४० येतो. दुसऱ्या माणसाच्या पांढऱ्या पेशी ५,००० आणि इओसिनोफिल शेकडा ६ असतील तर आकडा येतो अवघा ३००. शेकडेवारीने दुसरा अधिक आजारी दिसतो, प्रत्यक्षात आकडा पहिल्याचा मोठा आहे. शिवाय हा आकडा दिवसभर सारखा राहत नाही. शरीरातील कॉर्टिसोल सकाळी चढते तसे इओसिनोफिल उतरतात आणि रात्री पुन्हा वाढतात. म्हणून एकाच आकड्यावर विसंबण्यापेक्षा मागील दोन-तीन वर्षांचे सर्व अहवाल काढून पाहणे शहाणपणाचे. जुने कागद फेकून न देण्याच्या आपल्या घरगुती सवयीचा येथे खराखुरा उपयोग होतो.

उच्छ्वासातील वायूची कथा अलीकडची आहे. माणसाच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड असतो, हे १९९१ साली स्टॉकहोम येथील कारोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी दाखविले. दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, दमेकऱ्यांच्या उच्छ्वासात तो जास्त असतो हेही तेथेच दिसून आले. प्रमाण फार सूक्ष्म असते, अब्ज भागांत काही भाग. त्याला येथे अब्जांश म्हणू या. प्रौढ माणसात २५ अब्जांशांहून कमी म्हणजे कमी, ५० हून अधिक म्हणजे जास्त, मधले संदिग्ध, अशी ढोबळ विभागणी केली जाते. लहान मुलांसाठी या मर्यादा २० व ३५ अशा खाली घ्याव्या लागतात.

ही तपासणी करण्याची रीत नाजूक आहे. रुग्णाने खुर्चीत ताठ बसावे, तोंडात नळी धरून यंत्रातून गाळलेली हवा छातीभर आत घ्यावी आणि नंतर न थांबता, एकाच वेगाने, सुमारे दहा सेकंद सोडावी. वेग सेकंदाला ५० मिलिलिटर असा ठरलेला आहे. यंत्राच्या पडद्यावर एखादे चित्र वरखाली होते, ते मध्ये स्थिर ठेवावयाचे. वेगाला एवढे महत्त्व का? हवा हळू गेली तर ती नळीच्या भिंतींपाशी अधिक रेंगाळते व अधिक वायू गोळा करते; भराभर गेली तर कमी. तसेच फुंकताना थोडा प्रतिरोध ठेवलेला असतो, त्यामुळे टाळूचा मऊ पडदा मिटून राहतो. नाकाशेजारच्या पोकळ्यांत हाच वायू कितीतरी अधिक असतो, आणि पडदा उघडा राहिला तर आकडा फुफ्फुसाचा न राहता नाकाचा होऊन बसतो. तपासणीपूर्वी तासभर काही खाऊ-पिऊ नये. बीट आणि पालकासारख्या पालेभाज्यांतील नायट्रेटने आकडा फुगतो. स्पायरोमेट्री त्याच दिवशी करावयाची असेल तर ती नंतर करावी, कारण जोराने फुंकण्याने आकडा खाली येतो.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमधील तीन मान्यवर संस्थांनी मिळून दम्यासाठी एकच मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, आणि तीत निदानाची पहिली पायरी म्हणून नेमक्या या दोन तपासण्या ठेवल्या. लक्षणे दम्यासारखी असतील आणि प्रौढ रुग्णाच्या रक्तातील इओसिनोफिल प्रयोगशाळेच्या निरोगी मर्यादेच्या वर असतील, किंवा उच्छ्वासातील वायू ५० अब्जांश वा अधिक असेल, तर दमा ठरवावा. दोन्ही नसेल तर स्पायरोमेट्री. पंप दिल्यानंतर फुंकीत शेकडा १२ आणि २०० मिलिलिटर वाढ होते का ते पाहावे. तेही न जमल्यास दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ घरी फुंकमापकाने मोजणी करावी. मार्गदर्शिका सुबक आहे. मात्र ती ज्या देशासाठी लिहिली, त्या देशातील माणसांच्या पोटात जंत क्वचितच असतात. कोहक्याच्या रुग्णाला ती जशीच्या तशी लागू करणे धोक्याचे ठरेल.

आपल्या देशात इओसिनोफिल वाढण्याचे कारण दमा असेलच असे नाही. १९४० साली मदनपल्लीजवळील आरोग्यवरम् येथील क्षयरोग आरोग्यधामातून फ्रिमोट-म्यूलर आणि बार्टन यांनी एका विलक्षण व्याधीची नोंद केली. क्षयासारखे दिसणारे फुफ्फुसाचे छायाचित्र, रात्रीचा खोकला, दम, आणि रक्तात इओसिनोफिलचा प्रचंड भरणा. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी तिला उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया असे नाव दिले. पुढे कळले की हा हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींविरुद्ध शरीराने चालविलेला अतिरेकी प्रतिकार आहे. हे कृमी फुफ्फुसात अडकून नष्ट होतात, म्हणून रक्तात शोधूनही बहुधा सापडत नाहीत. छत्तीसगडात हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेले जिल्हे आहेत, विदर्भातही आहेत. अशा रुग्णाची लक्षणे दम्याशी इतकी जुळतात की केवळ छाती ऐकून फरक करणे कठीण. आकडा मात्र बोलतो. दम्यात तो काही शेकड्यांत, फार तर हजार-दीड हजारांच्या घरात असतो. या रोगात तो ३,००० च्या वर जातो, कित्येकदा त्याच्याही पुष्कळ पुढे. त्यावर पंप नव्हे, तर डायइथिलकार्बामाझिनच्या गोळ्या, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ६ मिलिग्रॅम, तीन आठवडे द्याव्या लागतात. उलट बाजूने, रक्तात साधे सहाशे इओसिनोफिल दिसले की हीच गोळी लिहून देण्याची जी जुनी चाल आहे, तिने अनेक खऱ्या दमेकऱ्यांचे योग्य उपचार लांबले आहेत, हेही नमूद करावयास हवे.

दुसरा धोका अधिक छुपा आहे. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक जंत ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीवाटे शरीरात शिरतो आणि स्वतःच्याच संततीने शरीरात दशकानुदशके टिकून राहतो. तो इओसिनोफिल थोडेसे वाढवून ठेवतो, एरवी गप्प असतो. दमा समजून रुग्णाला पोटात स्टिरॉइडच्या गोळ्या चालू केल्या की शरीराचा पहारा उठतो आणि जंत आतड्याची भिंत ओलांडून सर्वत्र पसरतात. यातून जीव जाऊ शकतो. शौचाच्या एका तपासणीत तो बहुधा सापडत नाही, ती निरनिराळ्या दिवशी अनेकदा करावी लागते किंवा रक्तातील प्रतिपिंडे पाहावी लागतात. शेतात राबणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे कष्ट घेणे सार्थ आहे.

आता कोहक्याच्या त्या वेल्डरकडे वळावे. पहिल्या खेपेस त्याने सीबीसी केली तेव्हा इओसिनोफिलचा आकडा आला ४०. दमा नसावा, असा निष्कर्ष निघाला असता. पण चौकशी केल्यावर कळले की दोन दिवस आधी दम फार लागला म्हणून त्याने औषधाच्या दुकानातून सुट्या गोळ्या आणून घेतल्या होत्या, आणि त्यांत स्टिरॉइड होते. पोटात गेलेले स्टिरॉइड काही तासांतच रक्तातील इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे करते. भट्टी तशीच असते, वाघिणी मात्र यार्डातून हलविलेल्या. अशा गोळ्या घेतल्या असतील तर तपासणी काही आठवडे पुढे ढकलावी, किंवा आधीचा जुना अहवाल शोधावा. आपल्याकडे कितीएक गोळ्या चिठ्ठीवाचून व नावावाचून विकल्या जातात, हे पाहता हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला न चुकता विचारला पाहिजे.

चार आठवड्यांनी, गोळ्या बंद असताना, पुन्हा रक्त घेतले. एकूण पांढऱ्या पेशी ९,२००, इओसिनोफिल शेकडा ७, म्हणजे आकडा ६४४. हा तीन हजारांच्या जवळपासही नाही, तेव्हा हत्तीरोगाच्या कृमींची शंका मागे पडली. तीन निरनिराळ्या दिवशी केलेल्या शौचाच्या तपासणीत जंत आढळले नाहीत. तरीही या ६४४ वर सगळा भार टाकता येत नव्हता, कारण आतड्यातला न दिसलेला जंतही एवढी वाढ करू शकतो. येथे दुसऱ्या तपासणीचे मोल कळते. उच्छ्वासातील वायूचे यंत्र लहान दवाखान्यांत बहुधा नसते, त्यासाठी छातीरोगाच्या मोठ्या केंद्रात जावे लागते. तेथे आकडा आला ६२ अब्जांश. धूर श्वासनलिकेतूनच निघत होता. रक्तातील पेशी कोणत्या हाकेने जमल्या हे रक्तावरून कळत नाही, पण वायू सांगतो की सुजेचे ठिकाण श्वासमार्गच आहे. नाकाची ॲलर्जी असली तरी हा आकडा काहीसा वाढतो, म्हणून नाकाचीही चौकशी केली. तेथे विशेष काही नव्हते. दोन्ही आकडे आणि रात्रीची कथा जुळली. निदान झाले दम्याचे.

वेल्डिंगच्या धुराने तर हे घडत नाही ना, ही शंका मात्र वायू आणि पेशी या दोघांनाही फेडता येत नाही. तिचे उत्तर काही शेकड्यांत मिळणारा साधा फुंकमापक देतो. कामाच्या दिवसांत आणि सुटीच्या दिवसांत, दिवसातून चारदा, तीन-चार आठवडे आकडे वहीत लिहावयाचे. या माणसाचे आकडे सुटीतही तितकेच खालीवर होत राहिले.

उपचार निवडताना दोन आकड्यांचा खरा उपयोग होतो. हे दोन्ही ज्याचे चढलेले आहेत त्याला श्वासावाटे घेण्याच्या स्टिरॉइडचा लाभ होण्याची शक्यता मोठी असते, आणि दम्याचे तीव्र झटके येण्याची भीतीही त्यालाच अधिक असते. तेव्हा त्याला नुसता नळी मोकळी करणारा पंप देणे म्हणजे भट्टी धगधगती ठेवून धुराडे साफ करीत बसणे होय. या वेल्डरला ब्युडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल यांचा एकत्रित पंप दिला. सकाळी एक, रात्री एक, आणि मध्ये दम लागल्यास तोच पंप आणखी एकदा. प्रत्येक वेळी चूळ भरून टाकावयाची. सहा आठवड्यांनी वायूचा आकडा २३ झाला आणि रात्रीचा खोकला गेला. रक्तातील आकडा मात्र ५१० वर होता. यात विसंगती नाही. श्वासावाटे घेतलेले औषध नळीच्या अस्तरावर काम करते म्हणून वायू लवकर उतरतो. रक्तातील पेशींपर्यंत त्याचा प्रभाव थोडाच पोचतो.

त्याच गल्लीतील दुसरी एक रुग्ण शेजारी ठेवून पाहावी. साठीची बाई, उभे आयुष्य चुलीपुढे गेलेले, चालताना दम, खोकला बारमाही. तिचा वायू १४, इओसिनोफिल ११०, आणि स्पायरोमेट्रीत पंप देऊनही न सुधारणारा अडथळा. हिला श्वासावाटे मोठ्या मात्रेत स्टिरॉइड दिल्याने लाभ थोडा व न्यूमोनियाचा धोका वाढता. हिला नळी रुंदावणारी दीर्घकाळ टिकणारी औषधे आणि चुलीपासून सुटका हवी. पण या दोन लहान आकड्यांवरून कोणालाही ‘तुला दमा नाही’ असे सांगून टाकणे चूक ठरेल. धूम्रपानाने वायू दबून राहतो. काही दमा या प्रकारच्या सुजेवाचूनच असतो, विशेषतः स्थूल माणसांत. चढलेला आकडा दम्याच्या बाजूने साक्ष देतो, उतरलेला आकडा दम्याच्या विरुद्ध तेवढ्या बळाने साक्ष देत नाही. हा भेद लक्षात न राहिल्यानेच या तपासण्यांची निष्कारण बदनामी होते.

वेल्डरची गोष्ट पुढील फेब्रुवारीत बिघडली. रात्रीचा दम परतला, एकदा रुग्णालयात वाफ व सलाइन घ्यावे लागले, वायू पुन्हा ५८. आता नव्या इंजेक्शनांचा विषय निघाला. ती औषधे निरोप्यांनाच अडवितात. मेपोलिझुमॅब हे इंटरल्यूकिन-५ ला पकडते. ते प्रथम सर्व प्रकारच्या दमेकऱ्यांना देऊन पाहिले, तेव्हा २००० च्या दशकातील चाचण्यांत ते जवळजवळ निरुपयोगी ठरले आणि बाजूला पडण्याच्या बेतात आले. मग लेस्टर आणि कॅनडातील हॅमिल्टन येथील वैद्यांनी फक्त इओसिनोफिल टिकून असलेले रुग्ण निवडले, आणि २००९ मध्ये झटके कमी झाल्याचे दाखविले. डर्बीचा १९५८ चा धडा पुन्हा एकवार गिरविला गेला. आता या औषधासाठी रक्तातील आकडा १५० वा, मागील वर्षभरात कधीतरी, ३०० असावा अशी ढोबळ अट धरतात. दुसरे औषध ड्युपिलुमॅब इंटरल्यूकिन-१३ च्या वाटेवर बसते. त्याने वायू झपाट्याने उतरतो, पण रक्तातील इओसिनोफिल काही काळ वाढूही शकतात. मेपोलिझुमॅबने नेमके उलट होते, रक्तातील पेशी घटतात आणि वायू फारसा हलत नाही. म्हणून इंजेक्शन सुरू झाल्यावर कोणता आकडा कशासाठी पाहावयाचा हे डॉक्टरांना ठाऊक हवे, नाहीतर चांगला चाललेला उपचार फसला असे वाटेल. आणि जंताची शंका असेल तर आधी जंताचा उपचार, मग इंजेक्शन, ही अट आपल्याकडे तर मोडूच नये.

ही इंजेक्शने फार महाग आहेत. ती लिहिण्यापूर्वी केंद्रातील डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. वेल्डरला त्यांनी सात दिवस रोज सकाळी बोलावून, आपल्या समोर पंप घ्यावयास लावला, आणि रात्रीचा पंप घरी पत्नीसमोर. आठव्या दिवशी वायू ५८ वरून २६ वर आला. ज्याची सूज औषधाला खरोखर दाद देत नाही, त्याचा आकडा असा सात दिवसांत कोसळत नाही. तेव्हा औषध निकामी झालेले नव्हते, ते छातीत पोचतच नव्हते. विचारल्यावर त्याने सांगितले की जानेवारीत बरे वाटू लागले, पंपाची सवय लागते असे शेजारी म्हणाले, म्हणून रात्रीचाच तेवढा घेत होतो, आणि तोही दाबून झाल्यावर श्वास आत ओढत होतो. दाबणे आणि ओढणे एकाच वेळी व्हावयास हवे. ते जमत नसेल तर प्लास्टिकची स्पेसर नळी मध्ये लावावी, हे त्याला कोणी शिकविले नव्हते. स्पेसर दिला, दोनदा करून घेतले, आणि इंजेक्शनाची चिठ्ठी लिहावी लागली नाही.